मुद्दलाला हात न लावता

२०२५ च्या जानेवारीत, संक्रांतीला चार दिवस असताना, आईला घेऊन पोस्टात गेले होते. मासिक उत्पन्न योजना, म्हणजे आमच्या घरात जिला नुसतं 'एमआयएस' म्हणतात, तिची दुसरी पाच वर्षं संपली होती. काउंटरवरच्या मुलानं कन्नडमध्ये विचारलं, आईनं मराठीत सांगितलं, दोघांनाही एकमेकांचं नीट कळलं. बेळगावात हे असंच चालतं. साडेचार लाख सुटले आणि त्याच खिडकीवर पुन्हा पाच वर्षांसाठी अडकले. नवं पासबुक तिनं पदराखालच्या पिशवीत ठेवलं, पिशवीची चेन लावली, चेन लागलीय का ते दोनदा चाचपून बघितलं. पायऱ्या उतरताना म्हणाली, "दहा वर्षं झाली बघ गे. तुझे बाबा गेल्यापासनं मुद्दलाला हात लावला नाही. एक पैसा मोडला नाही." हे सांगताना तिचा आवाज बदलतो. आमच्या घरी कुणी दहावीला नंबर काढला, तर तो सांगतानाही तिचा आवाज असाच व्हायचा.

परत येताना दुधाच्या दुकानापाशी थांबली आणि अर्ध्या लिटरचं पाकीट घेतलं. मी म्हटलं, लिटर घेत होतीस ना? "डॉक्टरनं कमी करायला सांगितलंय," असं म्हणून ती पुढं चालू लागली.

महिन्याभरानं त्याच डॉक्टरांकडे तिचं बीपी दाखवायला गेले, तेव्हा सहज विचारलं. त्यांनी असं काही सांगितलेलंच नव्हतं. उलट या वयात दूध घेत चला, म्हणाले.

ते अर्ध्या लिटरचं पाकीट माझ्या डोक्यात तेव्हापासून अडकून बसलं. मी स्वतः उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या अकाउंट्समध्ये काम करते. आमच्या कास्टिंगच्या ऑर्डरींत पिग आयर्नचा भाव वाढला तर आमचाही दर वाढेल, अशी ओळ असते. ती ओळ राहिली तर मालक मला सोडत नाहीत. एक रुपया वाढला की मी कस्टमरला मेल टाकते. आणि माझ्या आईच्या दहा वर्षांच्या साडेचार लाखांवर अशी कुठली ओळच नव्हती, हे मात्र मला एकदाही सुचलं नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेत तिच्या वह्या सापडल्या. वह्या म्हणजे दुकानदारांनी फुकट दिलेल्या डायऱ्या. कापूर आणि जुन्या कागदाचा मिसळलेला वास, मधेच एखादी औषधाची पावती, एका पानात सुकलेला बेल. तिचा हिशेब फार साधा. पोस्टाचं व्याज एका पानावर, आणि बाबांच्या पेन्शनचे हजार रुपये दुसऱ्या. किराणा त्या हजारात आणि भाऊ पुण्याहून पाठवतो त्यात. वरखर्च मात्र सगळा पोस्टाच्या व्याजातून, तो तिचा स्वतःचा. जानेवारी २०१५ चं पान मी पायरीवर बसून वाचलं. व्याज जमा ३१५०. तेव्हा योजनेचा दर ८.४ टक्के होता आणि एका नावावर साडेचार लाखच ठेवता यायचे, म्हणून तो आकडा. त्याखाली: दूध ९००, औषधं ३५०, लाइट बिल २५०, भांडीवाली ५००, भाजी-फळं ७००, देऊळ-रिक्षा १५०, फोन १००. आणि शेवटी, एक रेघ ओढून, 'उरले २००'. त्या 'उरले'ला तिनं बारीकसं कुंकू लावलेलं होतं. पहिलं व्याज म्हणून असेल.

मग मी जानेवारी २०२५ चं पान काढलं. 'उरले' हा शब्दच नव्हता. त्याच्या जागी लिहिलं होतं: 'लेकीकडनं उसने १५००'.

उसने! मी दर महिन्याला तिच्या खात्यावर जे टाकते, ते ती हिशेबात उसने म्हणून धरत होती. रागही आला, रडूही आलं. ती खाली फराळाचे डबे पुसत होती. तिला काही न बोलता वह्या घरी घेऊन आले आणि रात्री जेवणं झाल्यावर कॅल्क्युलेटर काढून बसले.

व्याज कमी झालं होतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. २०२० च्या जानेवारीत पैसे पुन्हा ठेवले तेव्हा दर ७.६ होता, महिन्याला २८५० यायला लागले. २०२५ मध्ये ७.४, म्हणजे २७७५. दहा वर्षांत ३७५ रुपये घटले. हा घाटा डोळ्यांना दिसतो, पासबुकात छापून येतो, त्यावर सरकारला चार शिव्याही देता येतात. मला शोधायचा होता तो दुसरा, जो कुठल्याच पासबुकात येत नाही.

देशाचा किरकोळ महागाईचा दर दर महिन्याला जाहीर होतो आणि त्याची वर्षाची सरासरीही मिळते. २०१५-१६ पासून २०२४-२५ पर्यंतचे दहा आकडे मी एका खाली एक लिहिले: ४.९, ४.५, ३.६, ३.४, ४.८, ६.२, ५.५, ६.७, ५.४, ४.६. एकेकटा बघितला तर यातला कुठलाच आकडा भयंकर नाही. साडेतीन-चार टक्के म्हणजे काय, शंभराला चार रुपये! २०२२-२३ चे ६.७ सोडले तर पेपरातही फार आरडाओरड झालेली आठवत नाही. माणूस साधारणपणे इथं एक चूक करतो, आणि अकाउंट्सची बाई असून मीही ती केली. दहा आकड्यांची बेरीज केली. ४९.६ आली. म्हटलं, अरे देवा, निम्मे पैसे गेले.

ही बेरीज दोन्ही बाजूंनी चुकते. एक म्हणजे या टक्क्यांची बेरीज करायचीच नसते. दुसऱ्या वर्षीची महागाई पहिल्या वर्षी आधीच वाढलेल्या भावावर बसते, तिसऱ्या वर्षीची त्याच्यावर. म्हणजे गुणायचं: १.०४९ गुणिले १.०४५ गुणिले १.०३६, असं करत शेवटपर्यंत. उत्तर येतं १.६२२. दहा वर्षांत भाव ४९.६ नाही, ६२ टक्के वाढले. पण म्हणून पैशाची किंमत ६२ टक्के कमी झाली, असंही नाही. तिथं वजा करायचं नसतं, भागायचं असतं. साडेचार लाखांना १.६२२ नं भागलं की सुमारे २ लाख ७७ हजार येतात. म्हणजे आज पोस्टात पडलेल्या साडेचार लाखांत तेवढंच येतं, जेवढं २०१५ च्या सुमारास २ लाख ७७ हजारांत आलं असतं. घट ३८ टक्के. बेरजेनं घाबरवलं होतं त्यापेक्षा कमी, पण 'एक पैसा मोडला नाही' या वाक्यापेक्षा खूपच जास्त.

व्याजाचं तर याहून वाईट. २७७५ ला त्याच १.६२२ नं भागलं तर १७११ येतात. पासबुकात दिसणारी घट ३७५ ची. न दिसणारी हजाराच्या वर. शिव्या आपण पहिलीला देतो.

रात्रीचे साडेबारा झाले असतील. नवऱ्यानं झोपेतूनच विचारलं, "काय करालैस अजून?" मी म्हटलं, आईचे पावणेदोन लाख शोधतेय.

पण हा ६२ टक्क्यांचा आकडा देशाचा आहे, माझ्या आईचा नाही. घराघरांत काय काय लागतं त्याची जी टोपली धरून तो मोजला, ती २०११-१२ च्या खर्चाच्या पाहणीवरून भरलेली. शंभरातले ४६ च्या आसपास खाण्यापिण्याचे आणि औषधपाण्याचे जेमतेम सहा. आईच्या वहीत औषधं २०१५ लाच बारा टक्क्यांच्या घरात होती. म्हणून मी तिची २०१५ ची यादी तशीच घेतली, त्याच वस्तू, तेवढ्याच, आणि शेजारी जानेवारी २०२५ चे भाव लिहिले. दूध रोज लिटर धरलं तर १३६४. औषधं ११००, यात एक गोळी नवीन आहे हे खरं, पण म्हातारपण काय टोपली विचारून येतं? भांडीवाली १२००. भाजी-फळं १३००. देऊळ-रिक्षा २००, फोन २००. लाइट बिल शून्य, कारण कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळे तिच्या थोड्याशा वापराचं बिल येतच नाही. बेरीज ५३६४. पूर्वी याच यादीला २९५० लागायचे. म्हणजे आईची स्वतःची महागाई दहा वर्षांत ८२ टक्के, तीही विजेचे अडीचशे रुपये पूर्ण गायब होऊनसुद्धा. वर्षाला मोडलं तर देशाचा सरासरी दर पाचच्या आसपास पडतो आणि आईचा सहाच्या थोडा वर. वर्षाला एक-सव्वा टक्क्याचा फरक. एका वर्षात तो कुणाच्या लक्षातही येत नाही. दहा वर्षांत तोच फरक ६२ चे ८२ करतो.

गंमत म्हणजे सगळं सारखं वाढत नाही. आई ज्या दुधाच्या नावानं बोटं मोडते, ते खरं तर मागं राहिलंय. २०१५ मध्ये तिच्या वहीत नंदिनीच्या निळ्या पाकिटाचा लिटर २९ ला आहे, २०२५ च्या जानेवारीत ४४ ला, म्हणजे ५२ टक्के. त्यातही २०२४ च्या जूनमध्ये पाकिटात ५० मिली दूध जास्त घालून दोन रुपये वाढवलेले होते, तेव्हा तो लिटर खरं तर १०५० मिलीचा. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये ते पन्नास मिली परत काढून घेतले आणि लिटरला ४६ लावले. दूध आटवून चहा करणाऱ्या बाईला हे पन्नास मिली पातेल्यात कळतात, टक्केवारीत नाही. आई दुधावर चिडते कारण ते रोज विकत घ्यावं लागतं. औषधं तिप्पट झाली तरी ती महिन्यातून एकदाच आणायची, वर डॉक्टरांनी लिहून दिलेली, त्यांच्यावर चिडायचं कसं?

आमच्या शेजारी रेल्वेतून रिटायर झालेले काका आहेत. दिवाळीत ते खुशीत होते, महागाई भत्ता ५८ टक्के झाला म्हणून. सातव्या वेतन आयोगानं २०१६ च्या जानेवारीपासून मोजणी नव्यानं सुरू केली तेव्हा तो शून्य होता. वर्षातून दोनदा भावांचा आकडा बघून वाढत वाढत इथवर आला. काका महागाईला आमच्याइतक्याच शिव्या देतात, पण त्यांच्या पेन्शनला ती ओळ आहे, माझ्या कास्टिंगच्या ऑर्डरीत असते ती. बाबा फाउंड्रीत तीस वर्षं वाळूच्या साच्यांशी झटले. त्यांच्या मागं आईला मिळणारी पेन्शन २०१४ च्या सप्टेंबरात किमान हजार रुपये ठरली आणि २०२५ मध्येही हजारच होती. तिला १.६२२ नं भागलं की ६१६ रुपये उरतात. आमच्या आणि काकांच्या घरामध्ये एक सामाईक भिंत आहे. चंदगडची धाकटी मावशी फोनवर सांगते, आमच्याकडं लाडक्या बहिणीचे दीड हजार, तुमच्याकडं गृहलक्ष्मीचे दोन हजार, तुमचं सरकार बरं. (आईला ते मिळत नाहीत, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख वहिनी आहे आणि भाऊ इन्कम टॅक्स भरतो.) पण ते दोन हजार २०२३ च्या ऑगस्टपासून दोन हजारच आहेत आणि दीड हजारही दीड हजारच. सीमेच्या अलीकडे काय, पलीकडे काय, ठरलेला आकडा दोन्हीकडे सारखाच झिजतो.

तुळशीचं लग्न उरकल्यावर एका दुपारी वह्या परत द्यायला गेले. टीव्हीवर मराठी बातम्या चालू होत्या: महागाई दर ऑक्टोबरमध्ये पाव टक्क्यावर, या मोजणीतला सगळ्यात नीचांकी. आईनं आवाज वाढवला. "म्हणजे भाव उतरले?" मी म्हटलं, नाही. "मग काय उतरलं?" तिला मी राकसकोप धरणाचं सांगितलं. पावसाळ्यात पेपरात रोज येतं ना, राकसकोपची पातळी इतके फूट. आज पाऊस धो-धो पडला तर पातळी फूटभर चढते, उद्या भुरभुर पडला तर बोटभर चढते. भुरभुर पडला म्हणून कालचं पाणी काही उतरत नाही. हे तिला पटलं. म्हणाली, "मग पाऊस कमी झाला म्हणायचं, पाणी कमी झालं कशाला म्हणतात?" बातम्या देणाऱ्यांना हे विचारायला हवं.

मुद्दलाचं मात्र इतक्या सहज पटलं नाही. मी ३८ टक्के म्हटल्यावर ती उठून पासबुकच घेऊन आली. साडेचार लाखांवर बोट ठेवलं. "हे बघ की. कुठं कमी आहेत?" मी म्हटलं, धर, कुंदा शंभराला किलो होता. "शंभराला किलो कुंदा कधी होता?" अगं धर म्हटलं ना! आता तो १६२ ला किलो. मग शंभरात किती येईल? तिनं क्षणभर छताकडे बघितलं. सहाशे ग्रॅम आणि वर थोडा, म्हणाली. मग गेला किती? पावणेचारशे-चारशे ग्रॅम. शंभराची नोट तीच आहे ना? तीच आहे. तिनं पासबुक मिटलं. हिशेब तिला कळला होता, पण चेहऱ्यावर काही पटल्यासारखं दिसत नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाली, "पण मी तर फक्त व्याजच खाल्लं."

हेच मला त्या रात्री छळत होतं. कारण ते खरं नाही आणि त्यात तिची काही चूकही नाही. तिला मी सोनाराचं उदाहरण दिलं. जुनी पाटली मोडायला नेली की सोनार घट धरतो ना? पाटली वापरून झिजते, दिसायला तीच असते, वजनात कमी भरते. तसं मुद्दल दरवर्षी झिजतं. पहिल्या वर्षी व्याज आलं ३७,८०० रुपये. त्याच वर्षी साडेचार लाखांची झीज, ४.९ टक्क्यांनी, २२,०५०. ती भरून काढायची तर तेवढे परत मुद्दलात घालायला हवे होते. मग खरं व्याज, हातात घेऊन खर्च करावं असं, उरलं १५,७५०. महिन्याला १३१२. ३१५० मधले १८३८ हे व्याज नव्हतंच, व्याजाच्या पाकिटात घालून तुझंच मुद्दल तुला परत येत होतं. आणि २०२२-२३ मध्ये, महागाई ६.७ असताना, तुझ्या २८५० मधले जेमतेम ३३७ रुपये खरे. बाकीची घट.

"म्हणजे मी मुद्दल खाल्लं."

मी काही बोलले नाही. मागच्या दाराला मांजर येऊन ओरडत होतं, तिनं उठून त्याला दूध घातलं. अर्ध्या लिटरमधलंच.

मी जे सांगत होते ते हिशेबाला पक्कं होतं, पण त्याचा तिला उपयोग काय? महिन्याला १३१२ वर तिचं भागलं असतं का? यादीलाच २९५० लागत होते. झीज भरून काढायला जे बाजूला टाकायचे, तेच तर दूध आणि गोळ्या होते. ज्याच्याकडे पंचवीस-तीस लाख आहेत त्याला 'थोडं व्याज परत गुंतवा' म्हणणं सोपं असतं. साडेचार लाखांची घट भरून काढायला साडेचार लाखांचं व्याज पुरत नाही. त्यासाठी बाहेरून कुणीतरी घालावं लागतं. तिच्या वहीतले 'उसने १५००' म्हणजे तेच होतं, फक्त ते मी उशिरा सुरू केलं आणि तिनं त्याला चुकीचं नाव दिलं.

दर तरी थोडा बरा मिळाला असता, ही माझी दुसरी बोच. २०१५ मध्ये तिची साठी झाली होती. पोस्टातच ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेला तेव्हा ९.२ टक्के होते आणि २०२५ च्या जानेवारीत ८.२. तीच रक्कम तिथं ठेवली असती तर आज २७७५ च्या जागी महिन्याला ३०७५ पडले असते. पण ते व्याज तीन महिन्यांनी एकदम येतं. आईला त्या जानेवारीत हे सांगितलं होतं. ती म्हणाली, तीन महिने दूधवाला थांबंल काय? मीही जोर धरला नाही. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, आणि मला त्या दिवशी ऑफिसला परत जायची घाई होती, हेही आहेच. तसंही तो आकडासुद्धा पाच वर्षांसाठी ठरलेलाच. तीनशे रुपये वर ठेवून तो तसाच झिजत राहिला असता. महागाई पाचच्या आसपास राहिली तर ठरलेल्या पैशाची किंमत चौदा वर्षांत निम्मी होते. आईच्या यादीच्या दरानं अकरा-बारा वर्षांत. तिला आता एकाहत्तर चालू आहे. हा हिशेब मी तिच्यासमोर केला नाही.

चहा झाला. तिनं चष्मा लावला आणि चालू वहीचं पान उघडून बसली. मला वाटलं 'उसने' खोडेल. ते तिनं तसंच ठेवलं. बोट वर सरकवत भांडीवालीच्या ओळीवर थांबली. "ही १२०० कधीपासनं?" मी मागची पानं उलटली. २०२२ च्या दिवाळीपासून. त्याआधी हजार, त्याआधी आठशे, आणि अगदी सुरुवातीच्या वह्यांत चार वर्षं पाचशेच. "हिचं काय झालं मग?" मी कॅल्क्युलेटर घेतला. ५.४ आणि ४.६, ही दोन वर्षं गुणली की दहाच्या वर थोडं होतं, या वर्षाचं किंचित. १२०० चे आज १३२०-३० तरी व्हायला पाहिजेत, नुसती होती तिथं राहायला.

आई बराच वेळ त्या ओळीकडे बघत होती. "तीन वर्षं मी तिला एक पैसा कमी दिला नाही," हळू आवाजात म्हणाली, आणि मग स्वतःच थांबली.

मग पेन घेतलं. १२०० वर आडवी रेघ मारली, शेजारी १४०० लिहिलं, नेहमीसारखं मोठ्या अक्षरात. वही माझ्याकडे सरकवली आणि चष्म्यावरून बघत म्हणाली, "आता हे २७७५ मध्ये कुठं बसवायचं, ते तू बघ. तू अकाउंट्सची ना?"